टक आणि धप

माझ्या मामाला सगळे ‘कानवाले मामा’ म्हणतात. त्याचे कान चांगले सुपाएवढे आहेत, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. गाडी शेडमध्ये आली की तो आधी बॉनेट उघडत नाही. मागचं दार उघडतो, पायाखालची मॅट गुंडाळून बाजूला ठेवतो आणि मागच्या सीटसमोरच्या पत्र्यावर चक्क आडवा होतो. डावा कान पत्र्याला, डोळे मिटलेले, पाय दाराबाहेर. मग स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला सांगतो, “ब्रेक दाबून धर. आता डी टाक. आता आर. परत डी. सावकाश, घाई कुठे आहे?” डी म्हणजे पुढचा गिअर, आर म्हणजे मागचा.

लहानपणी शाळेच्या सुट्टीत मी मामाकडे असायचे आणि दुपारची झोप शेडमधल्या कुठल्या तरी गाडीतच काढायचे. शेडच्या छपरात एक पत्रा पारदर्शक आहे. त्यातून येणारा उन्हाचा चौकोन दुपारभर जमिनीवरून सरकत राहतो. मी अर्धवट झोपेत असायचे, चौकोन कुणाच्या तरी सीटवरून माझ्या पायांवर चढायचा आणि लांबून मामाचा आवाज यायचा. डी. आर. डी. मग शांतता. मग मामा एखादा निकाल द्यायचा, “मागचा क्रॉस गेलाय,” आणि मला वाटायचं की गाडीनेच त्याच्या कानात काहीतरी सांगितलं असणार. आज चाळिशी उलटली तरी मला तसंच वाटतं, हे मी कुणाला सांगत नाही.

मामाचं काम म्हणजे गाडीच्या कमरेखालचं दुखणं. इंजिनचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा जो लांब दांडा असतो, प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हासारखे लोखंडी क्रॉस असतात. दांडा वरखाली होत फिरू शकतो तो या क्रॉसमुळे. क्रॉस झिजला की त्यात पोकळी पडते. गाडी सुटताना, किंवा पुढच्या गिअरमधून मागच्या गिअरमध्ये टाकताना, ती पोकळी एकदम भरते आणि मागून आवाज येतो. पण मागून आवाज आला की क्रॉसच गेला, असं नाही. गिअरबॉक्स ज्या रबरी पायावर बसलेला असतो, ज्याला शेडमध्ये सगळे फाउंडेशन म्हणतात, ते फाटलं तरी गिअरबॉक्स उचलून आपटतो. तो दणका दांड्यावरून, पत्र्यावरून पळत मागे जातो आणि सीटवरच्या माणसाला वाटतं, मागेच काहीतरी निखळलंय.

“क्रॉस म्हणतो टक,” मामा मला सांगायचा. “फाउंडेशन म्हणतं धप. एवढं कळलं की निम्मं काम झालं.” मग तो हात धुवायला जाताना आणखी एक वाक्य टाकायचा. ते तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा, ओळख नसली तरी सांगायचा. “ज्या दिवशी कान चुकेल, त्या दिवशी शटर खाली.”

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्याचा अर्थ मात्र या वर्षी लागला.

या वर्षी माझी बदली मामाच्या गावच्या शाखेत झाली. घर मिळेपर्यंत दोन महिने मामा-मामीकडे राहायचं ठरलं. शेडच्या मागेच त्यांचं घर, मधे फक्त एक दार. आणि त्या घरात मला पहिल्याच दिवशी गुदमरल्यासारखं झालं. दोन माणसं, पण बोलणं नाही. मामी ताट ठेवायची, मामा जेवायचा, मामी ताट उचलायची. पूर्वी मामी केवढी बोलायची! तिचा आवाज बारीक, सुईच्या टोकासारखा, पण एकदा लागला की थांबायचा नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, शेडच्या दारात उभी राहून. मामा म्हणायचा, “हिचा रेडिओ बंद करायचं बटण सासऱ्यांनी दिलंच नाही.”

मी एकदा मामीला खोदून विचारलं. ती ओट्यावरचं फडकं पिळत म्हणाली, “मागे मी बहिणीकडे दोन महिने राहिले ना, तिच्या ऑपरेशनच्या वेळी. त्याचा राग धरलाय त्यांनी. आल्यापासून मी बोलते आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. सांगितलं का कुणी त्यांना, की भिंतीशी बोलून माणूस थकतं? मग मीही सोडलं.”

“किती दिवस झाले?”

“दिवस कसले, दोन वर्षं.”

मला मामाचा असा राग आला की विचारू नका. बहीण आजारी असताना गेली म्हणून दोन वर्षं अबोला? त्या रात्री मी त्याच्याशी जेमतेम बोलले. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला आणखी राग आला.

त्याच आठवड्यात व्हॅनवाल्या ताई आल्या. या बाई रुग्णांना घरून दवाखान्यात नेतात आणि परत आणतात. ज्यांना धड बसता येत नाही, ज्यांची कंबर, गुडघे, पाठ शिवून काढलेली असते, अशी माणसं. व्हॅन जुनी, ऑटोमॅटिक, मागच्या चाकांवर चालणारी. ताईंचा चेहरा कायम घाईतला आणि बोलणं थेट.

“मामा, गाडी सुटली की मागून दणका बसतो. रिव्हर्स टाकला की परत बसतो. माझ्या मागे एक आजोबा असतात, मणक्याचं ऑपरेशन झालेले. प्रत्येक दणक्याला ते डोळे मिटून घेतात. बोलत काही नाहीत, पण मला आरशात दिसतं.”

मी बँकेतून नुकतीच आले होते, म्हणून स्टिअरिंगवर मीच बसले. मामा आडवा झाला. डी. आर. डी.

“धप,” मामा उठून म्हणाला. “फाउंडेशन.”

खरंच होतं. व्हॅन शेडमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन त्याने खाली उतरून दाखवलं. मी ब्रेक दाबून गिअर बदलला की गिअरबॉक्स बोटभर उचलायचा आणि खाली बसायचा. रबर पत्र्यापासून सुटून लोंबत होतं. मामाने गिअरबॉक्सला खालून लाकडाचा ठोकळा घालून जॅकचा आधार दिला, आडवी पट्टी सोडवली, जुनं फाउंडेशन काढलं, नवं बसवलं. मग पुन्हा पत्र्यावर आडवा झाला आणि मला गिअर टाकायला लावले.

मला काहीतरी ऐकू आलं. अगदी छोटं, कोरडं. कुणी नखाने पेल्यावर टिचकी मारावी तसं. पण मामा उठून कपडे झटकत होता. “गप्प झाली,” तो म्हणाला. मी मनात म्हटलं, आपल्याला काय कळतं? कानवाला तो आहे. आणि बोलले नाही, कारण माझाही अबोला चालू होता. या घरात तो साथीसारखा पसरत होता.

चौथ्या दिवशी दुपारी ताई परत आल्या. रविवार होता, मी घरीच होते.

“मामा, धप गेलं. पण टक आहे.”

“नाही ताई. मी ऐकलंय.”

“मीही ऐकलंय. रोज चाळीस वेळा ऐकते. आजोबा अजून डोळे मिटतात.”

मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “बसा इथे. तुमच्यासमोर ऐकून दाखवतो.” त्याने मॅट काढली, आडवा झाला. मी स्टिअरिंगवर. ताई दाराशी हाताची घडी घालून. आणि आतल्या दारात मामी, हातात चहाचे कप, कारण बाहेर कुणी आलं की ती चहा आणते, बोलणं असो वा नसो.

छपरातला उन्हाचा चौकोन व्हॅनच्या मागच्या दारातून आत शिरला होता आणि मामाच्या पायांवर बसला होता. मला ती जुनी झोप आठवली. आत्ताही कुठून तरी गुंगी येत होती. तीच धूळ हवेत तरंगत होती, तोच ग्रीसचा वास होता. मी ब्रेक दाबला आणि डी टाकला.

टक.

स्वच्छ. नव्या फाउंडेशनने मागचा सगळा गोंधळ गप्प केला होता, त्यामुळे तो आता एकटाच उरला होता. आर टाकला. टक. मी आरशात पाहिलं. मामा डोळे मिटून, पत्र्याला कान लावून, चेहऱ्यावर अगदी समाधान घेऊन पडला होता.

“बघा,” तो म्हणाला. “काही आहे का? गप्प आहे.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे पाहिलं. आवाज होता, कान पत्र्याला होता, आणि मधे काहीच नव्हतं.

“अहो, आवाज येतोय की,” दारातून मामी म्हणाली. त्या सुईसारख्या आवाजात.

मामाने मान वळवली नाही. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

मी आरशात त्याला पाहत होते, आणि मामी दारातून त्याला पाहत होती. “अहो,” ती परत म्हणाली. मग तिसऱ्यांदा, जरा जोरात, “अहो!” मामा अजून डोळे मिटूनच होता. दोन वर्षं ती ज्याला राग समजत होती, तो राग नव्हताच. चाळीस वर्षं हातोड्यांच्या आवाजात काढलेल्या माणसाच्या कानातून बारीक आवाज आधी निघून जातात. कुकरच्या वाफेचा आवाज जातो, चिमण्या जातात, टक जातो. धप शेवटपर्यंत राहतो. आणि बायकोचा आवाज बारीक असला तर तोही चिमण्यांबरोबर जातो. मामाला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. थोडं कळलं असणार. म्हणूनच तर बोलायचं टाळत होता.

मामीने कप कट्ट्यावर ठेवले. पदराला हात पुसले. तीस वर्षांत मी तिला शेडच्या जमिनीवर पाय ठेवताना पाहिलं नव्हतं, साडीला तेल लागतं म्हणून. ती सरळ चालत आली, व्हॅनच्या मागच्या दारातून आत चढली आणि मामाच्या शेजारी पत्र्यावर बसली. मामाने दचकून डोळे उघडले. तिने त्याचा उजवा हात घेतला, पालथा केला, तळवा मागच्या सीटखालच्या पत्र्यावर ठेवला आणि त्याच्यावर आपला हात दाबून धरला.

“टाक गं,” ती मला म्हणाली.

मी डी टाकला. आर टाकला. डी टाकला.

मामा तळव्याकडे पाहत राहिला. मग मामीकडे. त्याच्या डोळ्यांत असं काही आलं की मी आरशातून नजर काढून घेतली. त्या दिवसापर्यंत मी मामाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“अजून एकदा,” तो म्हणाला.

मी अजून एकदा केलं. उन्हाचा चौकोन सरकून मामीच्या साडीवर आला. मला वाटलं हे सगळं आपण त्या लहानपणच्या सीटवर झोपून पाहतोय आणि आता कुणीतरी हाक मारून उठवेल.

मामा खाली उतरला. ताईंच्या समोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तो शटरकडे जाणार. तो वाक्याचा पक्का माणूस. हात शटरच्या दोरीकडे गेलाही. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

“ताई,” तो म्हणाला, “मला टक ऐकू येत नाही. किती दिवस येत नाही, तेही सांगता येत नाही. तुमची गाडी मी तशीच बाहेर सोडली. शाफ्टला हातसुद्धा लावला नाही, कान आहे म्हणून. चूक माझी. तुम्ही दुसरीकडे न्या.”

ताईंनी घड्याळ पाहिलं. “चार वाजता आजोबांना आणायचंय उद्या. आज रविवार, दुसरीकडे कुठे नेऊ? मला टक ऐकू येतं, तुमच्या बायकोला येतं, या पोरीला येतं. तुम्हाला हात आहेत ना? मग करा की.”

मला ‘पोरी’ म्हणून कुणी बऱ्याच वर्षांनी म्हटलं होतं. पण ते असो.

मामाने इंजिन बंद करायला लावलं. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, गिअर न्यूट्रलला आणला आणि खड्ड्यात उतरला. वरून मला फक्त त्याचं टक्कल दिसत होतं. त्याने एका हाताने शाफ्ट धरला, दुसऱ्या हाताने मागच्या टोकाचा भाग, आणि दांडा हलकेच मागेपुढे वळवला. दांडा हलत होता आणि पलीकडचा भाग हलत नव्हता. दोघांच्या मधे एका श्वासाएवढी पोकळी होती. क्रॉसच्या टोपीभोवती तांबडी भुकटी साचली होती, कुंकवासारखी बारीक.

“हे तर हाताला कळतंय,” तो खालून म्हणाला. आवाज कसातरीच होता. “हे कधीपासून हाताला कळत होतं.”

सोडवण्याआधी त्याने शाफ्टवर आणि त्याच्या जोडावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली, परत बसवताना होता तसाच बसावा म्हणून. नाहीतर गाडी वेगात थरथरते. मग शाफ्ट काढून वर आणला, शिकंज्यात धरला, टोप्या अडवणाऱ्या कड्या काढल्या आणि टोप्या दाबून बाहेर काढल्या. एका टोपीतल्या सुईएवढ्या बेअरिंगच्या काड्या होत्याच कुठे? तांबडा चुरा झाला होता. क्रॉसच्या दांडीवर ओळीने खाचा पडल्या होत्या. फाटलेल्या फाउंडेशनवर गिअरबॉक्स कित्येक महिने डुलत होता, शाफ्टचा कोन रोज बिघडत होता, आणि त्याचा सगळा हिशेब या टोपीत निघाला होता.

पुढचा क्रॉस हलत नव्हता, पण वळवताना अडकत होता. तोही बदलायचा ठरलं. नवा बसवताना एक टोपी पूर्ण आत जाईना. मामाने हातोडा उचलला, मग ठेवला. टोपी परत काढली. आत एक काडी घसरून तळाशी आडवी पडली होती. पूर्वी अशा वेळी तो ‘मला ऐकू आलं’ म्हणायचा. या वेळी काही म्हणाला नाही. चिमट्याने काडी उभी केली, ग्रीसमध्ये बसवली आणि टोपी बोटाच्या दाबाने गेली.

मामी सगळा वेळ व्हॅनमध्ये बसून होती. चहा गार झाला तो तिने ताईंना तसाच पाजला.

पांढऱ्या रेघा जुळवून शाफ्ट चढवला, बोल्ट आवळले, ठोकळे काढले. मी परत स्टिअरिंगवर. मामा आत चढला, पण आडवा झाला नाही. मामीच्या शेजारी मांडी घालून बसला आणि तळवा पत्र्यावर ठेवला. दोघं एखाद्या पंगतीत बसल्यासारखी दिसत होती.

डी. आर. डी.

“हाताला नाही,” मामा म्हणाला आणि मामीकडे वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

मामी ऐकत होती. डोळे मिटून, मान तिरकी करून, थेट त्याच्यासारखी. “अगदी बारीक आहे,” ती म्हणाली, आणि मग त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, “अगदी बारीक. लांब मागे.”

“ते मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या दातांचं. ते असायचंच,” मामा म्हणाला. “तेवढं सैल नसेल तर दात अडकतील.”

सोमवारी संध्याकाळी ताईंनी व्हॅन दारात थांबवली आणि काच खाली केली. “आजोबा झोपले वाटेत,” एवढंच ओरडून सांगितलं आणि गेल्या. ओरडून सांगितलं, म्हणून मामालाही ऐकू गेलं.

शटर खाली गेलं नाही. मामा कानाच्या डॉक्टरकडे जायला तयार झाला, म्हणजे मामीने तयार केला. ऐकण्याचं यंत्र महिन्याभराने यायचं आहे. तोपर्यंत शेडमध्ये गाडी आली की मामा मागच्या दाराकडे हाक मारतो आणि मामी हात पुसत येते. तिचं आपलं वर्णन वेगळं असतं. “ही पाटीवर खडू मोडल्यासारखी वाजते,” असं ती सांगते, आणि मामा खाली उतरून हात लावून बघतो. आधी हात, मग निकाल. गिऱ्हाइकं अजून त्याला कानवाले मामाच म्हणतात. तो आता नुसता मान हलवतो.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या जेवणाचं. मामा जेवत होता, मान खाली घालून. मामीने ताट वाढलं आणि नेहमीसारखी मागे ओट्याकडे गेली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली. बोटाच्या पेराने टेबलावर एकदा वाजवलं.

मामाचा डावा तळवा टेबलावर होता. त्याने मान वर केली.

“दोन वर्षांचं साठलंय,” मामी म्हणाली.

मामाने ताट बाजूला सरकवलं आणि दुसराही हात टेबलावर ठेवला. “मग पहिल्यापासून सांग,” तो म्हणाला. “आणि माझ्याकडे बघून.”